आकडा कोणाचा? – प्रयोगवहीतील संदर्भक्रमांकांविषयी

स्मरणिकेसाठी विज्ञान विभागाकडून काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रयोगशाळेच्या इमारतीचा किंवा मिळालेल्या पारितोषिकांचा वृत्तान्त देण्याऐवजी एका लहानशा सवयीविषयी लिहावे असे आम्ही ठरविले. आमच्याकडील अकरावीच्या प्रत्येक प्रयोग-अहवालाच्या अखेरीस गेली काही वर्षे तीन-चार ओळींची एक संदर्भसूची असते आणि अहवालाच्या मजकुरात जागोजागी चौकटी कंसातले अंक असतात. बाहेरून पाहुणे आले की त्यांना ते अंक दिसतात आणि ते विचारतात, शाळकरी मुलांच्या जर्नलमध्ये हे कशाला? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे आमचे उत्तर. त्यासाठी आम्ही एकच प्रयोग निवडला आहे. तो म्हणजे साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढण्याचा. हा प्रयोग ज्याने केला नाही असा विज्ञानाचा विद्यार्थी विरळाच, म्हणून वाचकांनाही तो परका वाटणार नाही.

प्रयोग सोपा आहे. स्टँडला दोरा बांधावा, दोऱ्याला धातूचा गोलक टांगावा, टांगलेल्या बिंदूपासून गोलकाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजावी, गोलक थोडासा बाजूला नेऊन सोडावा आणि वीस दोलनांचा वेळ स्टॉपवॉचवर मोजावा. एका दोलनाचा काळ T आणि लांबी L यांचा संबंध पुढील सूत्राने मिळतो.

T = 2π√(L/g)

यावरून g = 4π²L/T² हे लगेच निघते. आमच्या एका विद्यार्थिनीची लांबी ८०.० सेंटिमीटर होती. वीस दोलनांना तिला अनुक्रमे ३६.१, ३५.९ आणि ३६.० सेकंद लागले, म्हणजे सरासरी ३६.० सेकंद. एका दोलनाचा काळ १.८० सेकंद. गणित केल्यावर g चे मूल्य आले ९.७५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

तिच्या वहीत मात्र आम्हाला वेगळेच दिसले. सरासरी वेळेच्या रकान्यात ३६.० खोडून ३५.९ केलेले होते. एवढ्याशा बदलाने g चे मूल्य ९.८० होते. कोणीही करून पाहावे. एक दशांश सेकंद इकडून तिकडे झाला की उत्तर ‘बरोबर’ येते. विचारल्यावर ती म्हणाली, “सर, पुस्तकात ९.८ आहे. माझं कमी येत होतं.”

“कोणत्या पुस्तकात?”

“सगळ्याच पुस्तकांत आहे ना, सर.”

या शेवटच्या वाक्यातच सगळी अडचण साठलेली आहे. ‘सगळ्याच पुस्तकांत’ म्हणजे कोणत्याही एका पुस्तकात उघडून न पाहिलेले. जो आकडा कोणाचाच नसतो तो आकडा मुलांच्या दृष्टीने सर्वांच्या वरचा होतो, आणि मग स्वतःच्या हाताने मोजलेली वेळ त्याच्यापुढे खोडली जाते. आम्ही तिला रागावलो नाही. तिला एवढेच सांगितले की, ज्या आकड्याशी तू आपल्या उत्तराची तुलना करते आहेस तो कोठून आला ते अहवालात लिही, आणि ते लिहिण्यासाठी ते पान उघडून पाहा.

तिने दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’, भाग १, हे पाठ्यपुस्तक काढले. त्यातील पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे. तेथे तिला आढळले की g चे मूल्य पृथ्वीवर सर्वत्र सारखे नसते. ध्रुवांवर ते ९.८३२ असते आणि विषुववृत्ताकडे जावे तसे कमी होत ९.७८ पर्यंत येते. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते, ही त्याची दोन कारणे. नेहमीचे ९.८ हे या सर्वांचे सोयीसाठी आटोपशीर केलेले रूप आहे. दशांश चिन्हापुढे एकच अंक असल्यामुळे ९.७९ आणि ९.८१ ही दोन्ही मूल्ये त्यात सामावतात, आणि आपल्या प्रयोगात तर नेमका त्या दोहोंमधलाच फरक तपासायचा असतो.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. पुष्कळ पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर ९.८१ असते, ते कोणाचे? मापनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ साली g साठी ९.८०६६५ हे एक प्रमाण मूल्य ठरवून दिले आहे. ते व्यवहारासाठी ठरविलेले मूल्य आहे, कोणा एका गावात मोजलेले नव्हे. ते साधारणपणे ४५ अंश अक्षांशाच्या, समुद्रसपाटीच्या परिसराशी जुळते. पॅरिस किंवा लंडन येथे प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला ९.८१ हे अगदी जवळचे मूल्य आहे. आमची शाळा विदर्भात, सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशावरून g काढण्याचे १९८० चे जे आंतरराष्ट्रीय सूत्र आहे त्यात २१ अंश घातले तर समुद्रसपाटीवरचे मूल्य ९.७८७ येते. आमच्या तीनशे मीटरच्या आसपासच्या उंचीमुळे ते केवळ हजारांश भागाने घटते. म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत अपेक्षित आकडा ९.७९ हा आहे.

हा भेद लंबकानेच प्रथम दाखवून दिला, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. १६७२ साली ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ बिघडले नव्हते. तेथे g कमी होते. रिशेने पॅरिसचा आकडा ‘बरोबर’ मानून आपली नोंद खोडली असती तर पृथ्वीच्या आकाराविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा त्या वहीतच पुसला गेला असता.

आता त्या विद्यार्थिनीचे ९.७५ पुन्हा पाहू. स्टॉपवॉच सुरू करताना आणि थांबविताना मिळून एक दशांश सेकंदाची चूक सहज होते. ३६ सेकंदांत ती सुमारे ०.३ टक्के भरते, आणि सूत्रात T चा वर्ग असल्यामुळे g मध्ये दुप्पट होते. म्हणजे तिच्या उत्तराला सुमारे ०.०५ ची अनिश्चितता केवळ वेळेमुळेच आहे, लांबी मोजण्यातली थोडी आणखी. ९.७९ हे मूल्य तिच्या ९.७५ पासून ०.०४ दूर, म्हणजे या मर्यादेच्या आत बसते. ९.८१ हे ०.०६ दूर, म्हणजे अगदी काठावर, किंबहुना किंचित बाहेर. तिचे मूळ वाचन चांगले होते. तिने खोडून लिहिलेले ९.८० हे आमच्या गावच्या मूल्याच्या पलीकडे गेले होते, आणि तिला ते ठाऊकही नव्हते. तिने ३६.० पुन्हा लिहिले आणि खाडाखोड तशीच दिसू दिली. संदर्भक्रमांकांचा हा आम्हाला दिसलेला पहिला उपयोग आहे. तुलनेच्या आकड्याला मालक मिळाला की विद्यार्थ्याच्या आकड्यालाही आपल्या जागी उभे राहता येते.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. संदर्भ देण्याच्या पद्धती अनेक आहेत. आम्ही शाळेसाठी अंकांची पद्धत स्वीकारली, कारण ती हाताने लिहिलेल्या वहीत सर्वांत सुटसुटीत पडते. तिचा नियम एकच आहे. मजकुरात जो स्रोत प्रथम येईल त्याला [१], नवा दुसरा स्रोत येईल त्याला [२], आणि एकदा दिलेला अंक त्या स्रोतासाठी अखेरपर्यंत कायम. पहिला स्रोत पुढे चौथ्या पानावर पुन्हा वापरला तरी तेथेही [१] च लिहायचा, नवा अंक द्यायचा नाही. शेवटची सूचीही याच क्रमाने असते, आडनावांच्या अक्षरक्रमाने नव्हे. पुष्कळ मुले सूची सवयीने अक्षरक्रमात लावतात आणि मग मजकुरातला [२] सूचीतल्या भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतो.

त्या विद्यार्थिनीच्या अहवालाची प्रस्तावना अशी होती: ‘साध्या लंबकाचा दोलनकाल त्याच्या लांबीवर व त्या ठिकाणच्या गुरुत्व त्वरणावर अवलंबून असतो [१].’ येथे [१] म्हणजे अकरावीचे एनसीईआरटीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक, भाग २, दोलनांचा पाठ. सूत्रही तेथूनच घेतले म्हणून सूत्राच्या ओळीलाही [१]. कृतीच्या भागात, ‘गोलक लहान कोनातूनच बाजूला नेला [२]’, येथे [२] म्हणजे आमच्याच प्रयोगशाळेची छापील कृतिपत्रिका. निरीक्षणांच्या तक्त्याला कोणताही अंक नाही. तेथील प्रत्येक संख्या तिची स्वतःची आहे, आणि अंक नसणे हेच ते सांगते. निष्कर्षाच्या चर्चेत ध्रुव व विषुववृत्त यांची मूल्ये आली, त्यांना [३], म्हणजे दहावीचे पाठ्यपुस्तक. १९०१ च्या प्रमाण मूल्याला [४], म्हणजे आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाच्या `www.bipm.org` या संकेतस्थळावरील त्या ठरावाचे पान. सूत्रातील T च्या वर्गाचा पुन्हा उल्लेख आला तेथे परत [१].

अंक कोठे लिहावा, यालाही अर्थ आहे. तो ज्या विधानासाठी आहे त्या विधानाच्या लगेच पुढे, वाक्य संपण्याआधी लिहावा. एका परिच्छेदात चार वाक्ये दुसऱ्याची आणि दोन स्वतःची असतील आणि अंक फक्त परिच्छेदाच्या टोकाला असेल, तर कोणते कोणाचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. मथळ्याला अंक देणे तर सर्वस्वी निरर्थक. ‘प्रस्तावना [१]’ असे लिहिले की सगळी प्रस्तावनाच कोठून तरी उतरवून घेतली असा त्याचा अर्थ होतो, आणि खेदाची गोष्ट अशी की बहुधा तो अर्थ खराही असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंक दिला म्हणजे वाक्य जसेच्या तसे उतरवण्याची मुभा मिळाली, असे नाही. पुस्तकातले शब्द तसेच घ्यायचे असतील तर अवतरणचिन्हे हवीत आणि अंकही हवा. आपल्या शब्दांत लिहिले तर अवतरणचिन्हे नकोत, परंतु अंक हवाच, कारण कल्पना अजूनही दुसऱ्याची आहे. प्रयोगाच्या अहवालात अवतरणे क्वचितच लागतात. आम्ही मुलांना पुस्तक मिटवून मग लिहायला सांगतो. मिटलेल्या पुस्तकातून वाक्य उतरवता येत नाही, त्यातला अर्थ तेवढा डोक्यात राहतो.

सूचीतील नोंद किती मोठी असावी? एवढीच, की दुसऱ्या माणसाने तीच जागा शोधून काढावी. पुस्तक असेल तर लेखक किंवा मंडळ, पुस्तकाचे नाव, भाग, प्रकाशनाचे ठिकाण, आपल्या हातातील प्रतीवर छापलेले वर्ष आणि पृष्ठ. तिची [३] ही नोंद अशी होती: महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, विज्ञान आणि तंत्रज्ञान, इयत्ता दहावी, भाग १, पुणे, २०१८, आणि पुढे पृष्ठक्रमांक. वर्ष वगळून चालत नाही, कारण अभ्यासक्रम बदलतो, पुस्तके बदलतात, पाठांची पाने पुढेमागे होतात. आमच्या ग्रंथालयात त्याच नावाची जुनी आणि नवी पुस्तके शेजारी-शेजारी उभी आहेत. नुसते ‘दहावीचे विज्ञान’ असे लिहिल्यास कोणते काढायचे हे कोणालाच सांगता येणार नाही.

संकेतस्थळाच्या नोंदीत संस्थेचे नाव, पानाचे शीर्षक, पूर्ण पत्ता आणि आपण ते पान पाहिल्याची तारीख लिहावी. तारीख अशासाठी की छापील पान उद्याही तेच राहते, पडद्यावरचे पान मात्र उद्या बदललेले किंवा नाहीसे झालेले असू शकते. ‘गूगल’ हा स्रोत नव्हे. ग्रंथालयात जाऊन आलेल्याने पुस्तकाऐवजी ग्रंथपालाचे नाव सांगावे, तसे ते आहे. विकिपीडियावर वाचले असेल तर विकिपीडियाच लिहावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र तेथील लेखाच्या तळाशी मूळ संदर्भ दिलेले असतात. शक्य असेल तर ते उघडून वाचावेत आणि मग त्यांचा अंक द्यावा. न उघडलेल्या मूळ ग्रंथाचे नाव मोठेपणासाठी सूचीत घालणे हे मात्र सर्वांत वाईट, कारण त्यात न वाचलेले वाचले असे आपण लिहून देतो.

व्यवहारात सर्वांत जास्त त्रास होतो तो अंक सरकण्याचा. अहवाल पूर्ण झाला, आणि मग वाटले की प्रस्तावनेतच ‘g सर्वत्र सारखे नसते’ हे वाक्य घालावे. ते दहावीच्या पुस्तकातले. ते जर दुसऱ्या वाक्यात आले तर दहावीचे पुस्तक आता [२] होते, कृतिपत्रिका [३] होते, आणि शाईने लिहिलेल्या वहीत सगळीकडे खाडाखोड सुरू होते. यावर आमच्या मुलांनीच काढलेला उपाय आम्ही पक्का करून टाकला आहे. कच्च्या मसुद्यात अंक लिहायचेच नाहीत. त्याऐवजी पेन्सिलीने कंसात लहानशी खूण लिहायची: ‘अक११’, ‘कृती’, ‘दहा’, ‘ठराव’. वाक्ये हवी तितकी हलवावीत, खूण वाक्याबरोबर जाते. मसुदा नक्की झाल्यावर वरून खाली एकदा वाचत जावे, प्रत्येक नव्या खुणेला पुढचा अंक द्यावा, आणि मगच पक्के लिहावे. स्रोताची पूर्ण नोंद मात्र पुस्तक हातात असतानाच, खूण लिहिताना, वहीच्या मागच्या पानावर करून ठेवावी. आमच्याकडे संदर्भग्रंथाची एकच प्रत असते आणि ती रात्री अभ्यासिकेत पाच जणांच्या हातून फिरते. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी पृष्ठक्रमांकासाठी ती शोधत हिंडणे सोपे नसते.

तपासणीही दोन मिनिटांची आहे. जोडीदाराने एका बोटाने मजकुरातले अंक आणि दुसऱ्या बोटाने सूची धरावी. मजकुरातल्या प्रत्येक अंकाला सूचीत ओळ हवी आणि सूचीतल्या प्रत्येक ओळीला मजकुरात किमान एक अंक हवा. सूचीत ओळ आहे पण मजकुरात तिचा अंक कोठेच नाही, असे दिसले तर ते पुस्तक बहुधा केवळ शोभेसाठी आणलेले असते. ते काढून टाकावे. त्यानंतर एक कोणताही अंक निवडून ते पान खरोखर उघडावे. तेथे ते विधान सापडले नाही तर बाकीचेही सर्व अंक पुन्हा पाहावेत.

या सगळ्याची मर्यादाही मुलांना स्पष्ट सांगावी लागते. अंक दिल्याने विधान खरे ठरत नाही. पुस्तकही चुकू शकते, छपाईतही चूक असू शकते. अंक फक्त एवढेच सांगतो की, मला हे येथे मिळाले, तुम्ही जाऊन पाहा. परंतु आमच्या वसतिगृहातील बहुतेक मुलांच्या घरात त्यांच्याआधी कोणी प्रयोगशाळेत उभे राहिलेले नाही. त्यांना पुस्तकातला आकडा आणि आपला आकडा यांत निवड करण्याची पाळी येते तेव्हा ती स्वतःचाच खोडतात. पुस्तकाचा आकडाही कोणीतरी, कोठेतरी, कधीतरी मोजलेला किंवा ठरवलेला असतो आणि त्याचा ठिकाणा विचारता येतो, हे कळणे त्यांच्यासाठी लहान गोष्ट नाही.

गेल्या काही वर्षांचे अकरावीचे लंबकाचे अहवाल आम्ही प्रयोगशाळेच्या कपाटात राखून ठेवले आहेत. आता नव्या तुकडीतील मुले आपल्या उत्तराची तुलना ९.७९ शी करतात आणि त्यासोबत आधीच्या तुकडीने याच टेबलावर, याच छताखाली काढलेल्या मूल्यांशीही करतात. त्यांच्या सूचीत त्यामुळे एक वेगळी नोंद दिसू लागली आहे: अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव, ‘साधा लंबक: प्रयोग-अहवाल’, इयत्ता अकरावी, शाळेचे नाव, वर्ष, अप्रकाशित. ३६.० सेकंदांचा तो अहवालही त्या कपाटातच आहे, आणि यंदाच्या तीन वह्यांत त्याला [५] हा अंक मिळाला आहे.